खिचडी मिक्सरमधून काढू नका (आणि बाकी थोडं)

*"बाबा 72 वर्षांचे, टायफॉइडनंतर नुकतेच घरी आलेत. डॉक्टर म्हणाले मऊ खायला द्या. मी खिचडी करते तर एक तर डाळ कचकचीत राहते, नाही तर पाणी वेगळं आणि भात वेगळा. काल शेवटी मिक्सरला लावली, तर दोन घास खाऊन ताट सरकवलं, म्हणाले ही खळ आहे. तांदूळ कुठला घेऊ, पाणी किती, फोडणीत काय चालेल?"*

'खळ' हा शब्द वाचला आणि 2017 चा पावसाळा आठवला. माझी आईही टायफॉइडनंतरच घरी आली होती, आणि तिनेही हाच शब्द वापरला होता. तिचं म्हणणं, "पतंगाला चिकटवतात ती आण, निदान गोड तरी असेल." तुमच्या बाबांचं तोंड बिघडलेलं नाही. खिचडी खरंच खळ झाली होती.

आधी सांगतो, मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. घरी एका आजाऱ्यासाठी दोन महिने रोज खिचडी केली, एवढाच माझा अधिकार. मीठ, पथ्य, औषधं यात तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं.

आता मिक्सरबद्दल. ही चूक आम्हाला सगळ्यात महागात पडली, आणि ती आम्हाला रीतसर शिकवली गेली होती. ज्या रुग्णालयातून आई सुटली, तिथे आहाराची एक खिडकी होती. टोकन घेऊन पाऊण तास उभा राहिलो तेव्हा एक झेरॉक्स कागद हातात पडला. त्यावर 'सॉफ्ट डाएट' आणि खाली सहा पदार्थांची नावं. मऊ म्हणजे किती मऊ, असं विचारलं. आतून उत्तर आलं, "मिक्सरमधून काढा, बास." दुसऱ्या दिवशी फोन केला तर दुसऱ्या खिडकीचा नंबर मिळाला, आणि तिथे पुन्हा पहिल्या खिडकीचा. आईने दोन दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नाही. मी मात्र रोज आणखी गुळगुळीत वाटत होतो. मला वाटायचं, अजून नीट वाटली तर जाईल.

झालं काय, ते नंतर कळलं. शिजलेला तांदळाचा दाणा पाणी पिऊन फुगलेला असतो. पात्याखाली तो फुटला की आतलं सगळं पिठूळ सत्त्व बाहेर येतं आणि पाण्यात मिसळून तार सुटते. गरम असताना वाटलं तर जास्तच. ही तार टाळूला चिकटते, आणि आजाऱ्याच्या कोरड्या तोंडात घास फिरत राहतो. वर पाणी घालून ती सैल होते पण चिकटपणा जात नाही.

सावंतवाडीहून मावशी आली आणि तिने मिक्सर उचलून माळ्यावर ठेवला. तिची रीत अशी की मोडायचं ते शिजवायच्या आधी मोडायचं. लहान बाळाचं खिमट करतात ते आठवा, तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरडून मग शिजवतात. ते कधी खळ होत नाही. मोठ्या माणसाला एवढं बारीक लागत नाही. भिजवलेला तांदूळ बोटांनी चोळला तरी दाण्याचे दोन-तीन तुकडे होतात, तेवढं पुरतं. वाण्याकडे कणी मिळाली तर चोळायचीही गरज नाही.

आम्ही एका वेळेला किती करायचो ते सांगतो. पाव वाटी तांदूळ, पोह्याचे दोन चमचे पिवळी मूगडाळ. दोन्ही कोरडं, मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजायचं. रंग बदलायला नको, नुसता वास सुटला पाहिजे. मग धुऊन अर्धा तास भिजवायचं, पाणी काढून टाकायचं आणि तांदूळ चोळायचा. अडीच वाट्या नवीन पाणी आणि चिमूटभर हळद घालून भांडं कुकरमध्ये ठेवायचं, थेट कुकरमध्ये नाही. एवढ्या थोड्या मापाला थेट कुकरमध्ये तळ लागतो आणि फेस शिट्टीतून बाहेर येतो. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. चार शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून दहा मिनिटं, आणि मग कुकर आपोआप निवू द्यायचा. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर पातळ खिचडी उसळून कुकरभर होते आणि शेवटचं मुरायचं राहून जातं.

यानंतरची पाच मिनिटं तुमच्याकडे निसटत असावीत. पाणी वेगळं, भात वेगळा असं म्हणताय ना? ते इथे जुळतं. भांडं गॅसवर ठेवून लाकडी रवीने हलक्या हाताने घोटायचं, पंधरा-वीस वेळा फिरवलं की बास. रवी नसेल तर पळीच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबत जा. डाळ विरघळून पाण्याला धरते, तांदूळ मोडतो पण फुटत नाही. मग बारीक आचेवर ती फदफदू द्यायची. पातळ करायची असेल तर उकळतं पाणीच घालायचं. गार पाणी घातलं तर ते वर वेगळं राहतं, हे मी तीनदा करून पाहिलंय.

झाली का, हे भांड्यात पाहून ठरवू नका. चमचाभर ताटलीत टाका. आपोआप पसरली पाहिजे आणि कडेने पाणी सुटता कामा नये. तांदळाचा कण दोन बोटांत दाबला तर मधे खडा लागायला नको. आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा, कारण खिचडी निवली की आळते. भांड्यात बरोबर वाटलेली खिचडी बाबांपर्यंत पोचेतो घट्ट झालेली असते. म्हणून ती नेहमी हवी त्यापेक्षा थोडी पातळ उतरवायची.

डाळ कचकचीत राहते त्याचं कारण बहुतेक पाण्यात असेल. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? जड पाण्यात डाळ शिजत नाही. आमच्याकडे नळाला बोअरचं यायचं. मी डाळ बदलली, दुकान बदललं, शेवटी फिल्टरचं पाणी वापरलं आणि प्रश्न मिटला. जुनाट डाळीनेही असं होतं. सोडा मात्र घालू नका, चव साबणासारखी होते.

तांदळाबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. आंबेमोहोर घ्या, आणि जुना. लवकर मोडतो, आणि वासानेच माणूस चमचा उचलतो. आईने आठवडाभराने पहिल्यांदा "आणखी दे" म्हटलं ते आंबेमोहोरालाच. इंद्रायणीही मऊ होतो, पण नवा असेल तर गोळा होतो, म्हणजे पुन्हा खळीच्या वाटेवर. कोलम चालतो, त्याला पाणी थोडं जास्त लागतं. बासमती नको, त्याचा दाणा सुटा राहण्यासाठीच असतो. आमच्या मावशीला विचाराल तर हे सगळं व्यर्थ, तिच्या मते आजाऱ्याला उकड्या तांदळाची पेजच. तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

डाळ पिवळी मुगाचीच घ्या. सालीची नको, साल घशात अडकते आणि टायफॉइडनंतर आतड्यालाही तो चोथा आत्ता नकोच. तूरडाळ सध्या लांब ठेवा.

फोडणी. इथे मला एक गोष्ट उशिरा कळली. चव आईला हवी होती, पण फोडणीचा वास तिला सहन होत नव्हता. स्वयंपाकघरात हिंग-जिरं तडतडलं की तिला मळमळायचं, आणि खिचडी खोलीत जायच्या आधीच नको व्हायची. मग फोडणी बंद केली. जिरं कोरडं भाजून, कुटून डबीत ठेवलं. उतरवताना त्यातलं पाव चमचा, चिमूटभर हिंग थोड्या कोमट तुपात कालवून, आणि ताटलीत वरून तूप अर्धा चमचा. तूप जास्त झालं तर ओकारी येते, ताकद येईल म्हणून ओतू नका. आलं घालायचं तर किसून, पिळून फक्त रस, पाच-सहा थेंब. चोथा नको. मोहरी, मिरची, लसूण, गरम मसाला आत्ता नाही. (बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. कुणाला गहू चालत नसेल तर डबीवरचं वाचा.)

मीठ शेवटी घाला, घोटून झाल्यावर. आधी घातलं आणि नंतर आटवली तर खारट होते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती मीठ हे डॉक्टरांना विचारा. आणि 'कमी सोडियमचं' मीठ स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाच्या आजारात ते धोक्याचं ठरू शकतं. तोंड फारच कडू असेल तर तेल नसलेल्या लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार, चमच्याच्या टोकावर. तोंड आलं असेल तर तोही नको.

खिचडी प्रत्येक वेळी ताजी करा. सकाळची ओट्यावर ठेवून संध्याकाळी गरम करणं नको. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात की ते नंतर गरम करूनही जात नाही. आम्ही म्हणूनच पाव वाटीचंच माप ठेवलं. पुन्हा दवाखान्यात डबा न्यायची वेळ आली तर खिचडी घट्ट होणारच हे धरून चला. वेगळ्या थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या आणि तिथे कालवा. आमच्या त्या रुग्णालयात भेटायची वेळ चारची, डबा आत जायचा साडेचारला, आणि मी फाटकावर अर्धा तास घट्ट होत जाणारा डबा धरून उभा. असो, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

एक मात्र बघा. बाबांना गिळताना ठसका लागत असेल, किंवा खाल्ल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल, तर हे माझं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा माणसाला पाणी सुटलेली खिचडी जास्त त्रास देते, पातळ पाणी आणि दाणा एकदम सांभाळता येत नाही. आणि पुन्हा ताप आला, पोट फार दुखलं, शौचाला काळं झालं तर तासही वाट पाहू नका.

कालची मिक्सरची खिचडी लगेच फ्रीजमध्ये ठेवली असेल तर टाकू नका. ज्वारीच्या पिठात कांदा-तिखट घालून तिच्यातच मळा आणि तुम्ही थालीपीठं खा. ती छान मऊ होतात. आम्ही दोन दिवस तेच खाल्लं.