मध्येच काम सोडून जाणारा ‘अ’

“मॅडम, मी पोलीस भरतीची तयारी करते. काळ-काम आणि नळ-टाकीची सूत्रं पाठ आहेत. पण गणितात तिघं आले, किंवा कुणी मध्येच काम सोडून गेलं, की काय करायचं तेच सुचत नाही. हा घटक सोडून दिला तर चालेल का?”

घटक ठेव, सूत्रं मात्र काही दिवस बाजूला ठेव. असं का म्हणते ते एका मुलाच्या वहीवरून सांगते. तोही भरतीचीच तयारी करत होता. मैदानी चाचणीत उत्तम, पण आपलं गणित कच्चं आहे असं ठरवूनच माझ्यासमोर बसला. मी त्याच्याकडे कच्च्या कामाची वही मागितली. कुणाचं गणित नेमकं कुठे अडतं हे गुणांवरून कळत नाही, कच्च्या कामावरून कळतं.

वहीतले गुणाकार-भागाकार बिनचूक होते. पण एक गणित असं होतं: अ एक काम १० दिवसांत करतो, ब तेच काम १५ दिवसांत करतो, तर दोघं मिळून किती दिवसांत करतील? त्याने १० आणि १५ मिळवून निम्मे केले होते आणि उत्तर साडेबारा दिवस लिहिलं होतं. मी विचारलं, “अ एकटाच १० दिवसांत उरकतो ना? मग ब मदतीला आल्यावर जास्त दिवस कसे लागतील?” त्याने वहीकडे पाहिलं आणि काही न बोलता उत्तर खोडलं.

तो दिवसांची बेरीज करत होता. सगळी अडचण एवढीच होती. एकत्र काम करताना दिवस मिळवता येत नाहीत, एका दिवसात होणारं काम मिळवता येतं. म्हणून पूर्ण काम १०० टक्के धरायचं आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं रोजचं काम टक्क्यांत लिहायचं. १० दिवस लागणारा अ रोज १० टक्के काम करतो. १५ दिवस लागणारा ब रोज ६ पूर्णांक २/३ टक्के करतो. दोघांचं मिळून रोज १६ पूर्णांक २/३ टक्के, आणि १०० मध्ये ते बरोबर ६ वेळा बसतात. उत्तर ६ दिवस.

तुझ्या पाठ केलेल्या सूत्रातूनही हेच येतं: गुणाकार १५०, बेरीज २५, भागाकार ६. पण ते सूत्र दोघांसाठीच आहे, आणि दोघं शेवटपर्यंत एकत्र राबले तरच लागू पडतं. ३० दिवस लागणारा क आला, की मुलं तिन्ही संख्यांच्या गुणाकाराला तिन्हींच्या बेरजेने भागतात. तसं केलंस तर ४५०० भागिले ५५, म्हणजे ८१ पेक्षा जास्त दिवस येतील! टक्क्यांत क आला तर फक्त एक बेरीज वाढते. क रोज ३ पूर्णांक १/३ टक्के करतो, तिघांचे मिळून रोज २० टक्के होतात आणि काम ५ दिवसांत संपतं. तपासायला एक खूण लक्षात ठेव: सगळे कामच करत असतील, तर उत्तर सर्वांत वेगवान माणसाच्या एकट्याच्या दिवसांपेक्षा कमीच यायला हवं.

आता मध्येच काम सोडून जाणाऱ्याबद्दल. त्या मुलाचं सगळ्यात जास्त इथेच चुकायचं, आणि इथे कारण गणिताचं नसून वाचनाचं होतं. मी त्याला एकाच आकड्यांची दोन गणितं शेजारी-शेजारी लिहून दिली. दोन्हींत अ १० दिवसांत काम करतो आणि ब २० दिवसांत. दोघं एकत्र सुरुवात करतात. पहिल्या गणितात ‘२ दिवसांनी अ काम सोडून गेला’, दुसऱ्यात ‘काम संपण्याच्या २ दिवस आधी अ काम सोडून गेला’. दोन्हींत एकूण किती दिवस लागले?

अ रोज १० टक्के, ब रोज ५ टक्के, मिळून १५ टक्के. पहिल्या गणितात पहिल्या २ दिवसांत ३० टक्के काम झालं. उरलेले ७० टक्के ब एकटा रोज ५ टक्क्यांनी करतो, त्याला १४ दिवस लागतात, एकूण १६. दुसऱ्या गणितात मात्र सुरुवात शेवटाकडून करायची. शेवटचे २ दिवस ब एकटा होता, म्हणजे ते १० टक्के त्याचेच. राहिलेले ९० टक्के दोघांनी मिळून केले, रोज १५ टक्क्यांनी ६ दिवसांत. एकूण ८ दिवस. फक्त एका शब्दामुळे उत्तर थेट निम्म्यावर आलं. त्यानंतर तो प्रश्न वाचताना ‘नंतर’ आणि ‘आधी’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करू लागला. तूही कर.

टाकीच्या गणितात एवढाच फरक, की कुणीतरी उलटं काम करत असतं, म्हणून त्याचे टक्के वजा करायचे. समजा, नळ टाकी ४ तासांत भरतो, पण तळाला गळती असल्यामुळे ५ तास लागतात. गळतीने भरलेली टाकी किती तासांत रिकामी होईल? नळ तासाला २५ टक्के भरतो, प्रत्यक्षात २० टक्केच भरते, म्हणजे ५ टक्के गळून जातात. टाकी रिकामी व्हायला २० तास. हाच मुलगा विचारायचा, खरी टाकी अशी एकसारखी गळते का? नाही गळत. पाण्याची पातळी खाली गेली की दाब कमी होतो आणि धारही मंदावते. परीक्षेतलं गणित वेग कायम धरतं, हे मान्य करूनच ते सोडवायचं.

टक्क्यांचा हट्ट मात्र धरू नकोस. १०, २०, २५, ४० असे दिवस असतील तर टक्के फार सोयीचे. १२ आणि १५ ला अपूर्णांक येतात, तरी ते पाठ होतात. पण ७ आणि ११ दिवस दिसले, की टक्के सोडून दे. पूर्ण काम १०० ऐवजी त्यांच्या लसावीइतकं, म्हणजे ७७ भाग धर. पहिला रोज ११ भाग करेल, दुसरा ७, मिळून १८. मग ७७ ला १८ ने भाग, ४ पूर्णांक ५/१८ दिवस येतील. रीत तीच आहे, फक्त पूर्ण कामाला दिलेला आकडा बदलला.

तुझ्या सरावासाठी मुद्दाम एक जुनं गणित देते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त चार झरे एक विहीर भरतात. पहिला एकटा पूर्ण दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा एकतृतीयांश दिवसात आणि चौथा एकषष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर विहीर केव्हा भरेल? इथे रोजचे टक्के १०० च्या वर जातात, आणि तिथेच मुलं घाबरून थांबतात. थांबू नकोस. दुसरा झरा दिवसाला २०० टक्के, म्हणजे दोन विहिरी भरेल इतकं पाणी देतो. तसेच पहिल्याचे १००, तिसऱ्याचे ३००, चौथ्याचे ६००. बेरीज दिवसाला १२०० टक्के. त्यातले १०० टक्के भरायला दिवसाचा बारावा भाग, म्हणजे २ तास पुरतात.