स्क्रीनच्या फोटोतल्या रंगीत लाटा आणि हरवणारी अक्षरं

प्रश्न: दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला नेट नाही, म्हणून मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवतो. फोटोत इंद्रधनुष्यासारख्या लाटा येतात आणि बारीक अक्षरं वाचताच येत नाहीत. कॅमेरा खराब झालाय का?

कॅमेरा ठणठणीत आहे. मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. गिऱ्हाइकं असे फोटो रोज पाठवतात, आणि महागड्या फोनवरून आलेल्या फोटोंतही या लाटा असतात.

मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की त्यात मोठमोठ्या सावल्यांची नक्षी दिसते. ती कुठल्याच पदरावर नसते, दोन्हींच्या भोकांच्या अंतरात थोडासा फरक असतो म्हणून दिसते. तुमच्या फोटोतही तेच होतंय. स्क्रीन ही एक जाळी आहे आणि कॅमेऱ्याचा सेन्सर ही दुसरी. या नक्षीला मॉयरे म्हणतात.

रंग कुठून येतो ते माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपवरून सांगतो. स्क्रीन १५.६ इंची, आडवे १९२० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या, म्हणजे एका ओळीत लाल पट्ट्या १९२०. फोनचा फोटो १२ मेगापिक्सेलचा, आडवे ४००० कप्पे. पण सेन्सरचा प्रत्येक कप्पा एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग फोन शेजारच्या कप्प्यांवरून अंदाजाने भरतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी काढलेल्या या मांडणीत निम्मे कप्पे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. लाल ज्या ओळीत येतो तिथे एक सोडून एक, म्हणजे ४००० पैकी २००० कप्पे लाल.

आता पूर्ण स्क्रीन फोटोच्या रुंदीत चपखल बसवली, तर १९२० लाल पट्ट्या २००० लाल कप्प्यांवर पडतात. एका ठिकाणी पट्टी नेमकी कप्प्यावर येते आणि लाल भडक दिसतो. पुढे ती हळूहळू सरकत जाते, दोन लाल कप्प्यांच्या मधे पडते आणि लाल फिका होतो. मग परत जुळते. २००० वजा १९२०, म्हणजे या डावीकडून उजवीकडच्या प्रवासात हे ८० वेळा होतं. स्क्रीनची रुंदी सुमारे ३४४ मिलिमीटर, म्हणून साधारण दर ४.३ मिलिमीटरला एक पट्टा. निळ्याचंही असंच होतं, फक्त त्याचे पट्टे वेगळ्या जागी पडतात. हिरवे कप्पे दुप्पट असल्याने हिरवा रंग बराच सांभाळून घेतो. त्यामुळे पांढऱ्या पानावर कुठे गुलाबी, कुठे हिरवट झाक उमटते. फोन थोडा तिरका धरला की स्क्रीनची एक बाजू जवळ आणि दुसरी लांब होते, हिशोब जागोजागी बदलतो, आणि सरळ पट्ट्यांच्या वळणदार लाटा होतात.

अक्षरांचं नुकसान याच मापात आहे. दर पट्टा स्क्रीनच्या २४ पिक्सेलएवढा रुंद, आणि बिलातलं बारीक अक्षर दहा-बारा पिक्सेलचं. म्हणजे दर दोन अक्षरांना एक रंगीत लाट. अक्षराची रेघ जेमतेम एका पिक्सेलची, आणि तिच्या वाट्याला दोनच कप्पे आलेले. विंडोजमध्ये अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून लाल-निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या उजळतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेरा तेही रंग म्हणून टिपतो. मी मुद्दाम बारीक अक्षरात ‘भाडे’ आणि ‘माडे’, ‘धन’ आणि ‘घन’ टाइप करून फोटो काढला. भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा, ध आणि घ यांच्यातलाही तोच. फोटोत ती फट बुजली आणि दोन्ही शब्द सारखेच दिसायला लागले. ष मधली तिरपी रेघ गेली की प उरतो. अनुस्वार तर एक-दोन पिक्सेलचा ठिपका, तो सगळ्यात आधी जातो. इंग्रजीत 8 आणि B, किंवा c आणि e यांची गत अशीच होते. बिलातले आकडे म्हणूनच फोटोवरून परत टाइप करताना जपायला हवं.

यावर खरा उपाय म्हणजे फोटोत कमी स्क्रीन घ्यायची. कुठलीही पट्टी नीट पकडायची तर तिच्या एका फेऱ्यात त्या रंगाचे निदान दोन कप्पे यायला हवेत. लाल कप्पा एक सोडून एक येतो, म्हणून स्क्रीनच्या एका पिक्सेलला कॅमेऱ्याचे चाराहून जास्त कप्पे मिळाले पाहिजेत. पूर्ण स्क्रीन घेतली तर दोनच मिळतात, अर्धी घेतली तर चाराच्या जरा वर, एक तृतीयांश घेतली तर सहा. मी नेहमी तिसरा पर्याय धरतो आणि तीन फोटो काढतो. फोन मात्र फार जवळ नेऊ नका. काही फोन जवळ गेल्यावर आपोआप वाइड कॅमेऱ्यावर जातात आणि कडेची अक्षरं ताणली जातात. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर लांब उभं राहून तीच वापरा. नुसत्या डिजिटल झूमने कप्पे वाढत नाहीत. ५० मेगापिक्सेलच्या मोडवरही फार भरवसा ठेवू नका. अशा बऱ्याच सेन्सरमध्ये एकाच रंगाचे चार कप्पे एकत्र असतात, त्यामुळे रंगांची जाळी जवळपास १२ मेगापिक्सेलइतकीच जाड राहते.

त्याहून सोपं म्हणजे फोटोआधी अक्षरंच मोठी करा. बऱ्याच प्रोग्राममध्ये Ctrl दाबून + दाबलं की होतात. रेघ एकाऐवजी दोन-तीन पिक्सेलची झाली की लाट आली तरी अक्षर टिकतं.

लाट फोटोत आहे की फक्त बघण्यात, हेही तपासा. फोनवर फोटो छोटा करून दाखवला जातो तेव्हा आणखी एक जाळी मधे येते. बोटांनी मोठा करत न्या. लाटा दर वेळी बदलल्या आणि शेवटी नाहीशा झाल्या तर फाइल चांगली आहे. अक्षरांना चिकटून तशाच राहिल्या तर फोटोच परत काढा. आणि रंग नसलेले, रुंद काळे आडवे पट्टे असतील तर तो मॉयरे नाही. स्क्रीनच्या उजेडाची लुकलुक आणि कॅमेऱ्याचं ओळीओळीने टिपणं यांचा मेळ बसत नाही म्हणून ते येतात. प्रो मोडमध्ये शटर १/३० सेकंदावर ठेवलं की सहसा जातात.

पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवला की ॲप तो लहान करतं. समजा रुंदी १६०० पिक्सेलवर आली. माझ्या लॅपटॉपसारखी पूर्ण स्क्रीन फोटोत असेल तर तिचेच पिक्सेल १९२०, म्हणजे एका पिक्सेलला एक ठिपकासुद्धा उरला नाही. एवढी मेहनत करून काढलेला फोटो तिथे वाया जातो.

आधीच काढलेला फोटो वाचायचा असेल तर GIMP या फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये उघडून Colors मेनूतल्या Components मधलं Decompose वापरा, RGB निवडा आणि तीन थरांपैकी फक्त हिरवा बघा. लाल-निळ्याच्या लाटा बऱ्याच गळतात आणि आकडे जास्त स्पष्ट दिसतात. जी फट किंवा जो अनुस्वार टिपलाच गेला नाही, तो मात्र यातूनही परत येत नाही. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला फोन करतो आणि तेवढे आकडे तोंडी वाचून घेतो.