अडचण निबंधात कुठे लिहावी

«मी इंदूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विज्ञान शाखेतील मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी ५०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. मुलगी म्हणून आलेल्या अडचणी लिहिल्या की रडगाणे वाटते, गाळल्या की खोटे वाटते. काय करू?»

गाळू नका, त्यांची जागा बदला. बहुतेक मुली पहिल्याच परिच्छेदात 'समाजाची मानसिकता' लिहून बसतात आणि प्रयोगाकडे फार उशिरा वळतात. इंदूरच्या मुलींना जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींपासून सुरुवात करण्याचाही मोह होतो. त्यांचा जन्म इंदूरचाच आणि १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, केवळ स्त्री म्हणून, त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला, हे खरेच. पण त्यातून निवड समितीला तुमच्याविषयी काहीच कळत नाही.

प्रयोगवहीत आपण कार्यपद्धती लिहितो, तशी अडचण लिहावी. माझ्याकडे मसुदा घेऊन आलेली एक विद्यार्थिनी तलावाच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन मोजत होती. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, फक्त वापरते. त्यामुळे त्याची पातळी सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत खाली जाते, आणि नेमके त्याच वेळी तिला घराबाहेर पडता येत नव्हते. तिने लिहिले होते, "मुलींना आजही स्वातंत्र्य नाही, याची खंत वाटते." मी विचारले, यामुळे तुझ्या कोणत्या नोंदी अडल्या? मग तो परिच्छेद असा झाला:

«पहाटे पाचला तलावावर जाण्याची मला घरून परवानगी नव्हती; धाकट्या भावाला होती. बुडबुडा राहू न देता बाटली कशी भरायची आणि हातमोजे घालून तिथेच मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड कसे घालायचे, हे मी त्याला शिकवले. पहिल्या तीन बाटल्यांत हवा राहिली, म्हणून त्या बाद केल्या. उरलेल्या नऊ नमुन्यांचे अनुमापन मी सकाळी महाविद्यालयात केले.»

विंकलर पद्धतीत या रसायनांमुळे ऑक्सिजन तपकिरी साक्यात बांधला जातो आणि अनुमापन काही तास थांबू शकते. बुडबुडा राहिला तर मात्र आकडा खोटा वाढतो. हे तिला ठाऊक होते, ते याच परिच्छेदातून दिसते. भावाचे वाक्य तिला काढायचे होते. मी आग्रहाने ठेवायला लावले, कारण ते नसेल तर ती स्वतः का गेली नाही, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेलच. आणि त्यात भावना सांगणारे एकही विशेषण नाही, म्हणून ते तक्रार वाटत नाही.

तुमच्या मसुद्यात अडचणीच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढा. त्याच्या पुढच्या वाक्यात कोणती नोंद, कोणती वेळ किंवा कोणता निर्णय बदलला हे नसेल, तर ते वाक्य काढा. छळासारखा अनुभव मात्र या साच्यात बसवू नका. तो सांगायचा की नाही, हे सर्वस्वी तुम्हीच ठरवा.

शेवटच्या परिच्छेदात त्या मुलीने रात्रभर आपोआप नोंदी ठेवणाऱ्या ऑक्सिजन मापकासाठी शिष्यवृत्तीतील रक्कम वापरण्याचे लिहिले, आणि निबंध तिथेच थांबवला.