व्हॉइसमेलमधलं आडनाव लिहिताना चूक का होते?

प्रश्न: नागपुरात आयईएलटीएसची तयारी करतोय. लिसनिंगमध्ये स्पेलिंग सांगितलेलं नाव चुकतं आणि शेवटचा नंबरही सुटतो. काय करू?

उत्तर: बहुतेक वेळा घोळ ‘ई’चा असतो. मराठी ‘ई’ रोमनमध्ये आपण I ने लिहितो, म्हणून हात तिकडेच वळतो. समजा ऐकू आलं, ‘पी, ई, डबल एल, आय, एन, जी’. उत्तर Pelling, पण Pilling हेही खरंच आडनाव असल्याने तपासताना चूक दिसत नाही. म्हणून उच्चारावरून नाव जुळवू नका, एकेक अक्षर ऐकताच उतरवा. ‘डबल’ कानावर पडलं की लगेच २ लिहा, पुढचं अक्षर त्याला जोडा.

नंबरमधला ‘ओ’ म्हणजे शून्य. नंबर संपला तरी पेन ठेवू नका: ‘सहानंतर फोन करा... नाही, साडेसहा’ अशी दुरुस्ती तिथेच येते, आणि ऑडिओ एकदाच वाजतो.