सॉल्व्हन्सीचं डिक्लरेशन खोटं निघालं तर

*मॅडम, मी सीएस एक्झिक्युटिव्ह पास झाले आहे आणि पुण्यात एका प्रॅक्टिसिंग सीएसकडे ट्रेनिंग करतेय. आमच्या एका क्लायंट कंपनीचे संचालक कंपनी स्वतःहून बंद करतायत. सरांनी मला डिक्लरेशन ऑफ सॉल्व्हन्सीचा जुना ड्राफ्ट दिला आणि "नाव, तारखा बदलून आण" म्हणाले. हे नुसतं टायपिंग आहे का? ते खोटं निघालं तर अडकतं कोण, संचालक की आम्ही? आणि इन्सॉल्व्हन्सीच्या कामात पुढे काही आहे का? बाबा म्हणतात, बंद पडणाऱ्या कंपन्यांच्या मागे लागून काय मिळणार!*

सगळ्यात आधी तो जुना ड्राफ्ट किती जुना आहे ते बघ. त्यात "तीन वर्षांच्या आत सर्व कर्जं फेडू" असं वाक्य असेल, तर तो १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४८८ चा आहे आणि आज कामाचा नाही. १ एप्रिल २०१७ पासून कंपनी स्वेच्छेने बंद करायची ती इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड, म्हणजे आयबीसीच्या कलम ५९ खाली. तिथे मुदतीचं वचन नाही. डिक्लरेशन ऑफ सॉल्व्हन्सी, म्हणजे कंपनी सगळी देणी फेडू शकते हे निवेदन, देताना बहुसंख्य संचालकांनी प्रतिज्ञापत्रावर दोन गोष्टी सांगायच्या असतात. पहिली, आम्ही कंपनीच्या कारभाराची पूर्ण चौकशी केली आहे आणि कंपनीवर कर्ज नाही किंवा मालमत्ता विकून येणाऱ्या पैशातून सगळं कर्ज पूर्ण फिटेल असं आमचं मत झालं आहे. दुसरी, कोणाची फसवणूक करण्यासाठी आम्ही कंपनी बंद करत नाही. सोबत मागच्या दोन वर्षांची ऑडिट झालेली हिशेबपत्रकं आणि व्यवसायाचा तपशील, आणि मालमत्ता असेल तर नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल.

कर्ज थकवलेल्या कंपनीला हा रस्ता मुळातच बंद आहे. डिक्लरेशननंतर चार आठवड्यांत भागधारकांचा विशेष ठराव लागतो, आणि कंपनीवर देणं असेल तर ठरावानंतर सात दिवसांत रकमेच्या हिशेबाने दोन तृतीयांश देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीकडे येणे आहेत त्यांची, मंजुरी. हे तुझ्या पुस्तकात आहेच. पुस्तकात जे नीट येत नाही ते "पूर्ण चौकशी" या दोन शब्दांत आहे, आणि तुझ्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तरही तिथेच आहे.

एक काल्पनिक कंपनी घे. चाकणला जिग्ज-फिक्स्चर्स बनवणारी, दोन संचालक, दोघंही साठीच्या पुढचे, मुलं परदेशात. बँकेत १४ लाख. मशिनरी पुस्तकात ५२ लाखांची, व्हॅल्युअरने ३८ लाख लावली. येणी पुस्तकात २० लाख, त्यातली १३ लाख वसूल होतील असा अंदाज. एकूण ६५ लाख. देण्यांच्या बाजूला सप्लायर्सचे १७ लाख, कामगारांची ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मिळून ११ लाख, बंद करण्याचा खर्च ४ लाख. म्हणजे ३२. शिल्लक ३३ लाख भागधारकांना. संचालक खूश, सही करायला तयार.

आता त्याच कंपनीची कपाटं उघड. दोन वर्षांपूर्वी एका संचालकाच्या भावाच्या कंपनीने बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलं, तेव्हा आपल्या कंपनीने ४५ लाखांची हमी दिली होती. ताळेबंदात देणं म्हणून ती दिसत नाही, फार तर टिपांमध्ये संभाव्य देणं म्हणून एक ओळ असेल. कंपनीची मालमत्ता तारण दिली नव्हती, त्यामुळे कंपनी मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर चार्ज, म्हणजे तारणाची नोंद, शोधलीस तरी काही सापडणार नाही. शिवाय जीएसटीची ९ लाखांची कारणे दाखवा नोटीस आली आहे, तिला उत्तर दिलंय, प्रकरण पडून आहे. संचालकांच्या डोक्यात हिशेब साधा असतो: भाऊ हप्ते भरतोय, नोटीस चुकीची आहे, मग हे देणं कसलं?

कायदा असं बघत नाही. आयबीसीमध्ये "क्लेम" म्हणजे पैसे मागण्याचा हक्क, मग तो वादातला असो, रक्कम ठरलेली नसो किंवा देय तारीख यायची असो. भावाची कंपनी बुडाली की ३२ मध्ये ४५ आणि ९ मिळून ८६ लाख होतात. हातात ६५. २१ लाखांची तूट. आणि आणखी एक गंमत बघ. सप्लायर्स आणि कामगार मिळून २८ लाख, बँकेचे ४५ लाख. बँकेला यादीत धरलं असतं, तर तिच्या होकाराशिवाय दोन तृतीयांश मंजुरी मिळालीच नसती. यादीतून वगळली म्हणून तिला कोणी विचारलं नाही. हमी विसरल्यामुळे फक्त बेरीज चुकली नाही, ज्याला नकार देण्याचा हक्क होता तोच बाहेर राहिला.

हे उघडकीला कसं येतं? लिक्विडेटर, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडणारा माणूस, नेमला की पाच दिवसांत त्याला जाहीर सूचना द्यावी लागते, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, आणि क्लेम दाखल करायला तीस दिवस मिळतात. बँकेचा माणूस सूचना वाचतो आणि ४५ लाखांचा क्लेम टाकतो. इथून पुढे लिक्विडेटर संचालकांचा मित्र राहू शकत नाही. व्हॉलंटरी लिक्विडेशनच्या २०१७ च्या नियमांतला नियम ४० सांगतो की मालमत्तेतून देणी पूर्ण फिटणार नाहीत असं त्याचं मत झालं, किंवा हे सगळं कोणाला फसवण्यासाठी चाललंय असं वाटलं, तर त्याने एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, प्रक्रिया थांबवण्यासाठी अर्ज करायचा. चाकणच्या कंपनीसाठी म्हणजे मुंबई खंडपीठाकडे. ३३ लाख वाटायचा बेत तिथेच संपतो.

आता शिक्षा. जुन्या कलम ४८८ मध्ये पुरेशा आधाराशिवाय डिक्लरेशन देणाऱ्या संचालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होतं. पण त्याहून जड होतं ते गृहीतक. ठरलेल्या मुदतीत देणी फिटली नाहीत, तर संचालकांकडे आधार नव्हता असंच धरलं जायचं, आणि होता हे त्यांनी सिद्ध करायचं. २०१३ च्या कायद्याने कलम ३०५ मध्ये कैद तीन ते पाच वर्षं केली, गृहीतक कायम ठेवलं. मात्र ते प्रकरण अमलात येण्याआधीच आयबीसीने गाळून टाकलं. कलम ५९ मध्ये ते गृहीतकही नाही आणि खोट्या डिक्लरेशनसाठी खास शिक्षाही नाही. त्यामुळे काही जण बिनधास्त म्हणतात की आता भीती कसली. मला हे अजिबात पटत नाही.

शिक्षा आहे, फक्त इतर कलमांत विखुरलेली. फसवण्याच्या हेतूने स्वेच्छा-लिक्विडेशन सुरू केलं, तर कलम ६५(२) खाली एनसीएलटी एक लाख ते एक कोटी रुपये दंड लावू शकते. कलम ५९(६) ने गुन्ह्यांचं सातवं प्रकरण इथेही लागू केलं आहे, त्यामुळे मालमत्ता लपवणं, हिशेबाची पुस्तकं खोटी करणं, कंपनीच्या कारभाराबद्दलच्या निवेदनातून महत्त्वाची गोष्ट मुद्दाम गाळणं यांना तीन ते पाच वर्षांची कैद होऊ शकते. जिथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा उल्लंघनासाठी कलम २३५अ, एक लाख ते दोन कोटी दंड. आणि खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल भारतीय न्याय संहिता आहेच.

बदललं काय, तर प्रश्न. जुना कायदा निकाल बघायचा: देणी फिटली की नाही? आता बघायचं असतं ते सही करतानाचं मन. चौकशी खरंच केली होती का, हेतू काय होता? चाकणच्या कंपनीत हमी-बिमी काहीच नव्हती, पण मंदीत मशिनरीला १२ लाख आले, येण्यांतले तीनच लाख वसूल झाले असं समज. १४ धरून २९ लाख, देणी ३२. डिक्लरेशन चुकीचं ठरलं, नियम ४० खाली प्रक्रियाही थांबेल. पण व्हॅल्युअरचा अहवाल, येण्यांची ग्राहकवार यादी, कोणाकडे कधी पाठपुरावा केला याची पत्रं फाइलमध्ये असतील, तर हेतूचा आरोप टिकवणं अवघड. उलट हमीच्या गोष्टीत त्याच संचालकांनी दोन वर्षांपूर्वी बोर्डाच्या इतिवृत्तावर सही केली होती. "आम्हाला आठवलं नाही" हे पूर्ण चौकशी केली असं शपथेवर सांगितल्यानंतर कोण ऐकून घेणार?

ती फाइल कोण तयार करतं? तू. म्हणून हे टायपिंग नाही. कंपनीचं एमबीपी-२ रजिस्टर मागव, त्यात दिलेली कर्जं आणि हमी लिहिलेल्या असतात. रजिस्टर कोरं असेल तर खूश होऊ नकोस, गेल्या काही वर्षांची बोर्डाची इतिवृत्तं वाच, कारण रजिस्टर भरायचं राहून जातं, ठराव सहसा राहत नाही. जीएसटी आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरच्या प्रलंबित नोटिसा संचालकांच्या लॉगिनने तुझ्यासमोर उघडायला सांग. गेल्या दोन वर्षांत संचालकांनी स्वतःची किंवा नातेवाइकांची कर्जं घाईने फेडली का, तेही बँक स्टेटमेंटवर बघ, कारण लिक्विडेटर ते व्यवहार नक्की उकरून काढेल. हे सगळं एका टिपणात लिही आणि डिक्लरेशनआधी बोर्डापुढे ठेवायला सरांना सांग.

तुझ्यावर काय येईल? डिक्लरेशन संचालकांचं, प्रतिज्ञा त्यांची. ट्रेनी म्हणून तू त्यावर सही करत नाहीस. मात्र सर ज्या फॉर्मवर सर्टिफिकेट देतात ते त्यांचं, आणि खोटं आहे हे माहीत असून दिलं तर शिस्तभंगाची कारवाई सदस्यत्वापर्यंत पोचते. तुला हमी सापडली आणि सरांनी "राहू दे" म्हटलं, तर ईमेलने लिहून कळव. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

बाबांसाठी थोडं. अशी कंपनी बुडालेली नसते. हिशेब पूर्ण करून दार लावणारी असते, आणि तिच्याकडे फी द्यायला पैसे असतात, जे बुडालेल्या कंपनीबद्दल नेहमी म्हणता येत नाही. लिक्विडेटर व्हायला मात्र इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल म्हणून आयबीबीआय या नियामक मंडळाची नोंदणी लागते. त्यासाठी लिमिटेड इन्सॉल्व्हन्सी एक्झॅमिनेशन, आणि सोबत सीएस सदस्य झाल्यावर दहा वर्षांचा अनुभव, किंवा लवकर जायचं असेल तर अनुभवाऐवजी दोन वर्षांचा ग्रॅज्युएट इन्सॉल्व्हन्सी प्रोग्रॅम. तोपर्यंत लिक्विडेटरच्या ऑफिसात क्लेम तपासायचं काम मिळतंय का बघ. एकाच कंपनीची फाइल दोन्ही टेबलांवरून पाहिली की कुठली ओळ कुठे सापडते ते कळायला लागतं. आधी सीएसची प्रोफेशनल परीक्षा मात्र पूर्ण कर, त्याशिवाय यातलं काहीच सुरू होत नाही.