अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं: नवं, जुनं की भाड्याचं?

प्रश्न: ऑगस्टमध्ये मेकॅनिकलमध्ये एमएस करायला अमेरिकेत जातोय. तिथे एकेक पुस्तक दोनशे डॉलरला असतं म्हणे. नवं, जुनं की भाड्याने, सगळ्यात स्वस्त काय पडतं? आणि इथली इंडियन एडिशन नेली तर चालते का?

उत्तर:

घेताना मोजलेल्या पैशांतून सेमिस्टर संपल्यावर विकून आलेले पैसे वजा करा. उरतो तो त्या पुस्तकाचा खरा खर्च. भाड्याच्या पुस्तकात वजा करायला काही नसतं, त्यामुळे भाडं हाच खर्च. आमच्या खोलीत एकाच सेमिस्टरला दोन पुस्तकांसाठी हा हिशोब मांडला गेला आणि दोन्हींची उत्तरं उलटी आली.

माझा विषय होता हीट ट्रान्सफर. मिडवेस्टमधली सरकारी युनिव्हर्सिटी, पहिलं सेमिस्टर. पुस्तक कोणतं लागणार हे पुण्यात बसूनच कळलं होतं. २००८ साली तिथे एक कायदा झाला आणि २०१० पासून लागू झाला. विषयांच्या वेळापत्रकासोबतच पुस्तकांचे आयएसबीएन आणि किमती द्यायच्या, असं कॉलेजांवर बंधन आलं. बुकस्टोअरच्या साइटवर कोर्स नंबर टाकला की सगळं समोर येतं. माझ्या पुस्तकापुढे आकडे असे होते: नवं २१० डॉलर, जुनं १५७, सेमिस्टरभर भाड्याने ८४. तिथल्या बुकस्टोअरमध्ये जुन्याची किंमत साधारण नव्याच्या पाऊणपट ठेवतात, म्हणून तो १५७.

आकडे बघून पहिला मोह भाड्याचाच होतो. माझा रूममेट नागपूरचा, हिशोबाला पक्का. तो म्हणाला, "८४ गेले म्हणजे गेलेच रे. जुनं घेऊन विकलंस तर किती जातील ते आधी काढ." मग तोच आयएसबीएन टाकून बाहेरच्या साइटवर शोधलं. तिथे विद्यार्थीच आपली पुस्तकं विकत असतात. टपालखर्च धरून १०५ डॉलरला चांगली प्रत दिसली. शोधताना तेरा आकडी आयएसबीएन जसाच्या तसा टाकायचा, नावावर जायचं नाही. एकाच नावाखाली पुठ्ठ्याच्या बांधणीची प्रत असते, भोकं पाडलेली सुटी पानं असतात आणि आधीची आवृत्तीही असते. सुटी पानं नवी घेताना स्वस्त पडतात खरी, पण बुकस्टोअरचा परतखरेदीचा काउंटर ती सहसा घेत नाही.

आधीची आवृत्ती १४ डॉलरला मिळत होती. बऱ्याचदा सरांना मेल करून विचारलं की ते म्हणतात, आधीची आवृत्ती चालेल. मजकुरात फार फरक नसतोच. अडतं ते होमवर्कला. नव्या आवृत्तीत गणितांचे क्रमांक हलवलेले असतात, काही गणितांतले आकडेही बदललेले असतात. सर होमवर्क देतात तेव्हा फक्त '३.२२, ३.४१, ३.५८' असं लिहितात आणि तुमच्या प्रतीत ३.४१ ला भलतंच गणित निघतं.

इंडियन एडिशनमध्येही नेमकी हीच भानगड असते. अप्पा बळवंत चौकातून बीईला घेतलेलं हेच पुस्तक माझ्या बॅगेत होतं. वाचायला ते उत्तम चाललं. पण आपल्याकडच्या आवृत्तीत सगळं एसआय एककांत आणि आमचे सर निम्मी गणितं फूट-पौंड आणि बीटीयूमध्ये देणारे. मागच्या तक्त्यांचीही तीच गत. तुमच्याकडे इंडियन एडिशन असेल तर निघण्याआधी तिथल्या एखाद्या सीनियरकडून अमेरिकन प्रतीतल्या एका धड्याच्या गणितांच्या पानांचे फोटो मागवा आणि आपल्या प्रतीशी ताडून बघा. क्रमांक आणि एककं जुळली तर पुस्तक डोळे झाकून न्या, तुमचा खर्च तिथेच संपला.

कायद्याची भीती बाळगू नका. वेष्टणावर 'फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश वगैरे देशांत विक्रीसाठी' असं छापलेलं असतं, त्यामुळे पुष्कळ जण बिचकतात. सुपाप किर्तसांग नावाचा थायलंडचा विद्यार्थी कॉर्नेलला शिकत होता. घरच्यांकडून तो तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवायचा आणि अमेरिकेत विकायचा. वायली या प्रकाशकाने त्याच्यावर दावा ठोकला आणि ज्यूरीने त्याला सहा लाख डॉलर भरायला सांगितले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मार्च २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला: प्रत कायदेशीरपणे छापलेली असेल, तर ती परदेशात छापली असली तरी घेणाऱ्याला पुढे विकता येते. तो ढिगाने विकत होता. तुम्ही तर आपल्या वापराचं एक पुस्तक नेताय. अर्थात झेरॉक्स काढून बाइंड केलेल्या प्रती यात बसत नाहीत. त्या इथेच ठेवा.

पुन्हा माझ्या पुस्तकाकडे येतो. सप्टेंबरभर मी काहीच घेतलं नाही. वाचायला इंडियन एडिशन आणि गणितांसाठी लायब्ररीतली रिझर्व्हची प्रत. हा प्रकार आपल्याकडे फारसा नाही, म्हणून सांगतो. पाठ्यपुस्तकाची एखादी प्रत सर लायब्ररीत राखून ठेवायला सांगतात. ती कपाटात नसते, काउंटरमागे असते. ओळखपत्र दाखवून कोर्स नंबर सांगितला की दोन तासांसाठी मिळते, तीही तिथेच बसून वाचायला. होमवर्क गुरुवारी द्यायचं असलं की बुधवारी संध्याकाळी त्या एका प्रतीसाठी रांग लागायची. मी सोमवारी सकाळी जायचो, त्या आठवड्याच्या गणितांचे फोटो काढायचो आणि प्रत परत द्यायचो. काही लायब्रऱ्यांत बंद होण्याच्या वेळेला घेतलेली प्रत रात्रभर घरी नेता येते, काउंटरवर विचारून ठेवा. तुमच्या विषयाची प्रत रिझर्व्हला आहे का, हे लायब्ररीच्या साइटवर आधीच दिसतं.

एवढ्यावर सेमिस्टर निघालं असतं, पण सरांनी मिडटर्म ओपन बुक जाहीर केली. पुस्तक आणायला परवानगी, मोबाइल, लॅपटॉप, सुटे कागद बंद. म्हणजे मागच्या तक्त्यांसकट अमेरिकन प्रत हातात असणं भाग होतं. आपल्या विषयांत हे नेहमीचं आहे, तेव्हा पहिल्याच तासाला मिळणाऱ्या सिलॅबसमध्ये परीक्षा कशी आहे ते आधी बघा. मी ते १०५ डॉलरचं पुस्तक मागवलं. पाचव्या-सहाव्या धड्यांवर कुणीतरी पिवळा हायलायटर सढळ हाताने फिरवला होता, पुढची पानं कोरी करकरीत. बहुधा आधीच्या मालकाने तिथेच विषय सोडला असावा.

विकायची वेळ आली तेव्हा आधी बुकस्टोअरच्या परतखरेदीच्या काउंटरवर गेलो. त्यांची पद्धत अशी की पुढच्या सेमिस्टरला सरांनी तेच पुस्तक लावलं असेल तर नव्याच्या निम्म्यापर्यंत देतात, नाहीतर घाऊक व्यापाऱ्याचा भाव, म्हणजे चिल्लर. आमच्याकडे हा विषय फक्त फॉल सेमिस्टरला, त्यामुळे १९ डॉलर सांगितले. मी पुस्तक परत पिशवीत घातलं आणि जानेवारीत आसपासच्या युनिव्हर्सिटींतल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं. शेजारच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत हाच विषय स्प्रिंगला होता. तिथला एक तेलुगू मुलगा ८० डॉलरला घेऊन गेला. माझा खर्च २५ डॉलर. डिसेंबरात विकायची घाई करू नका. तेव्हा सगळेच विकायला काढतात, घेणारे येतात जानेवारीत.

आता रूममेटचं पुस्तक. विषय कंट्रोल्स. बाहेर जुनं १२० ला, भाड्याने ६०. माझ्याच हिशोबाने त्यानेही जुनं घ्यायला हवं होतं. पण त्याने आधी पुस्तकाच्या कॉपीराइटच्या पानावरचं साल बघितलं, आवृत्तीला चार वर्षं होत आली होती. मग प्रकाशकाच्या साइटवर गेला, तर पुढची आवृत्ती येत्या जानेवारीची म्हणून जाहीर झालेली. नवी आवृत्ती बाजारात आली की जुन्या प्रतीचा भाव कोसळतो. कॉलेजं नवीनच लावतात, बुकस्टोअर जुनी घेत नाही आणि तेच पुस्तक १४ डॉलरच्या रांगेत जाऊन बसतं. त्याने ६० डॉलर भाडं भरलं. वर्गातल्या ज्यांनी जुनं विकत घेतलं होतं, त्यांना जानेवारीत दहा-बारा डॉलरही कुणी देईना. तेव्हा भाड्याने घ्यायचं ते अशा वेळी, म्हणजे पुढे गिऱ्हाईक मिळणार नाही असं दिसत असेल तर. माझ्या पुस्तकाची आवृत्ती आदल्याच वर्षीची होती, म्हणून मला जुनं परवडलं.

भाड्याने घेताना परतीची तारीख आधी वाचा. ती सहसा परीक्षा संपताना असते आणि आपली मंडळी तेव्हा सुट्टीसाठी विमानात असतात. भाडं देताना तुमचं कार्ड नोंदवून घेतात. पुस्तक वेळेत गेलं नाही की मुदतवाढीचे पैसे किंवा थेट पुस्तकाची किंमत त्या कार्डावरून कापली जाते. थोडंफार अधोरेखित केलेलं बहुतेक ठिकाणी चालतं, पण पाणी लागून फुगलेली पानं कुणी घेत नाही. टपालाने परत करणार असाल तर पुस्तक दिल्याची पावती जपून ठेवा.

या सगळ्याला एक अपवाद आहे. स्टॅटिस्टिक्ससारख्या काही विषयांत होमवर्क प्रकाशकाच्याच वेबसाइटवर भरायचं असतं आणि त्यासाठी ॲक्सेस कोड लागतो. हा कोड एकदाच चालतो, त्यामुळे जुन्या किंवा भाड्याच्या पुस्तकातला कोड वापरून झालेला असतो. तिथे पुस्तक घ्यायच्या फंदात न पडता नुसता कोड प्रकाशकाकडून घ्यावा, बहुतेकदा त्यातच ई-बुक येतं. काही कॉलेजं तर हे पैसे न विचारताच फीच्या बिलात लावतात. ऑगस्टचं बिल आलं की 'कोर्स मटेरियल' अशा नावाची ओळ आहे का बघा. असेल आणि कोडशिवाय तुमचं भागत असेल, तर ती काढून टाकायची मुदत पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच संपते.