शेडचं व्याज इमारतीत कुठवर धरायचं?

भाऊ, जिनिंगच्या शेडसाठी 60 लाखांचं कर्ज 12 टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याचं व्याज 60,000. बांधकाम चालू आहे तोवर हे व्याज आणि साइटवरच्या चौकीदाराचा पगार ‘चालू भांडवली काम’ खात्यात टाका.

नवखे चुकतात ते शेवटच्या तारखेला. शेड सप्टेंबरअखेर तयार झालं, कापूस मात्र नोव्हेंबरात आला, तर ऑक्टोबरचं व्याज आणि पगार सरळ खर्चात जातात. वह्यांतला घसाराही ऑक्टोबरपासूनच सुरू होतो. म्हणून इंजिनिअरकडून काम पूर्ण झाल्याचं तारखेचं पत्र घ्याच. आयकराचं गणित वेगळं, ते नंतर.

आणि हो, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत काम थांबतंच. तेवढ्यासाठी व्याज धरणं थांबवू नका. पैशाअभावी काम महिनोन्‌महिने बंद पडलं, तर मात्र थांबवा.